दाढ दुखत नाही, रुमाल बांधलाय

मावशीचं व्यक्तिचित्र करायला घेतलं तेव्हा डिसेंबर होता. सकाळी ओसरीवर बसायचं म्हणजे तिच्या डोक्याला रुमाल आलाच. पांढऱ्यावर बारीक निळी रेघ असलेला सुती चौकोनी रुमाल, तिरका दुमडून केसांवरून घेतलेला, कान झाकून हनुवटीखाली बांधलेला. मला तो रुमालच जास्त आवडला होता. दोन तास खपून मी चारकोलचं रेखाटन पुरं केलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा चढवला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “माझी दाढ दुखतेय का गं?”

तिचं बरोबर होतं. चेहरा जमला होता, पण रुमाल म्हणजे चेहऱ्याभोवती गुंडाळलेलं फडकं झालं होतं. कपाळावरून सरळ एक रेघ, गालांवरून खाली दोन रेघा, हनुवटीखाली गाठ, आणि मधल्या पांढऱ्या जागेत ‘कापड वाटावं’ म्हणून ओढलेल्या दहाबारा वाकड्या रेषा. त्या चुण्या नव्हत्या. विजेच्या तारा होत्या.

डोक्यावरचं कापड काढताना बहुतेकांची चूक इथेच होते. चुणी हे कापडाचं नक्षीकाम आहे असं समजून ती वरून ‘घातली’ जाते. खरं तर कापडाला कुणीतरी कुठेतरी धरलेलं असतं, कुठेतरी ढकललेलं असतं, आणि उरलेल्या ठिकाणी ते नुसतं लोंबत असतं. चुणी ही या धरण्या-ढकलण्याची खूण असते. म्हणून रुमाल काढायला बसताना पहिला प्रश्न ‘चुण्या कुठे आहेत’ हा नसतो, ‘कापड कुणी धरलंय’ हा असतो.

मावशीच्या रुमालाला तीन ठिकाणी धरलेलं होतं: कपाळावरच्या केसांनी, दोन्ही कानांनी आणि हनुवटीखालच्या गाठीने.

हे समजायला एक घरगुती प्रयोग पुरतो. पालथ्या वाटीवर ओला हातरुमाल टाकून तळव्याने दाबा. वाटीच्या बुडावर तो गुळगुळीत बसतो, पण काठाकडे उतरताना कापड जास्त होऊ लागतं आणि कुठेतरी त्याची घडी पडतेच. सपाट वस्तू गोल वस्तूवर ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय बसत नाही. कार्ल फ्रिडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने 19व्या शतकात हे सूत्रात बांधलं. पृथ्वीचा सपाट नकाशा कुठे ना कुठे फसवतोच, त्याचं कारणही हेच. डोकं म्हणजे थोडी लांबट वाटी. टाळूवर रुमाल जवळजवळ सपाट असतो, आणि फाजील कापड खाली सरकत जाऊन कानशिलांजवळ, कानांमागे आणि मानेच्या खळग्यात साठतं. माझ्या पहिल्या चित्रात सगळ्यात जास्त रेषा टाळूवर होत्या. तिथली जागा मोठी होती, रिकामी वाटत होती, म्हणून भरली. जिथे चुण्या खरोखर होत्या तिथे मी जेमतेम दोन रेषा दिल्या होत्या.

पण कापड म्हणजे कागद नव्हे. त्याच्याकडे एक पळवाट असते. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने सुती कापड ओढा, फारसं ताणत नाही. तेच कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा, चटकन लांबतं, कारण धाग्यांचे चौकोन कलंडून तिरके होतात. शिंपी याला उरेप म्हणतात. गोल गळ्याला लावायची पट्टी उरेप कापतात ती याचसाठी. आता रुमाल आठवा. 90 सेंटिमीटरचा चौकोनी रुमाल तिरका दुमडला की घडीची बाजू साधारण 127 सेंटिमीटर होते, आणि ती नेमकी उरेपावर असते. कपाळावर येते तीच बाजू. म्हणून ती गोलाईला धरून बसते, थोडी ताणली जाते आणि कपाळाच्या मधोमध एकही चुणी पडू देत नाही.

ओढणी किंवा साडीचा पदर डोक्यावर घेतला की कपाळावर कापडाचा सरळ काठ येतो. तो काठ ताणत नाही. तो कपाळावर टेकून कानशिलापाशी आला की थोडा उचलला जातो, आत बारीक पोकळी राहते, आणि तिथून दोनतीन आखूड चुण्या मागे जातात. पदर आणि रुमाल यांचं कपाळावरचं वागणं इतकं वेगळं असतं, की एकाच्या जागी दुसऱ्याच्या चुण्या काढल्या तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

कपाळावरच्या काठाबद्दल आणखी दोन गोष्टी. त्या नीट केल्या तर निम्मं काम होतं.

पहिली म्हणजे काठ ही रेघ नसते. दुमडलेल्या कापडाला जाडी असते. तिच्यावर वरून उजेड पडतो आणि तिच्या खाली कपाळावर सावली पडते. ही सावली काठाला चिकटून असते तिथे गडद आणि काटेकोर. एकदोन मिलिमीटर खाली गेली की मऊ होऊन कातडीत विरते. जिथे काठ कपाळाला घट्ट टेकलेला असतो तिथे ती जवळजवळ दिसत नाही आणि जिथे कापड थोडं उचललेलं असतं तिथे रुंद होते. म्हणजे सावलीची रुंदी बघून कापड कुठे टेकलंय आणि कुठे सुटलंय ते कळतं. मी पहिल्या वेळी सगळीकडे सारखी सावली दिली होती. त्याने रुमाल कपाळावर बसायच्या ऐवजी पुठ्ठ्यासारखा चिकटवलेला दिसला.

दुसरी गोष्ट काठाच्या कमानीची. मावशी माझ्यासमोर बसली होती आणि माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर होते. अशा वेळी कपाळावरचा काठ डोळ्यांच्या वर असल्याने वरच्या बाजूला फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. तिने मान खाली घातली की हीच कमान सपाट होत जाते आणि आणखी वाकली तर उलटी होते, म्हणजे मध्यभागी खाली झोळासारखी. चेहरा एका कोनातला आणि काठ दुसऱ्या कोनातला असं झालं की रुमाल डोक्यावरून घसरतोय असं वाटतं. त्यामुळे मी आता रुमालाच्या आधी कवटीचा अंडाकार काढते, त्याभोवती एक हलकी आडवी रेघ फिरवते, माठाच्या गळ्याला दोरा बांधावा तशी, आणि काठ त्या रेघेशी ताडून बघते.

अंडाकारानंतर लगेच रुमाल काढायचा नाही. मधे केस आहेत. टाळूवर केसांचा थर फार जाड नसतो, तरी रुमालाची बाहेरची रेघ कवटीला चिकटून काढली तर माणूस तुळतुळीत डोक्याचा वाटतो. मागे अंबाडा असेल तर कापड त्याच्यावर तंबूसारखं उभं राहतं, आणि अंबाड्याच्या वरून टाळूकडे एक ताणलेला सपाट उतार तयार होतो. वेणी असेल तर तसं काही होत नाही, कापड मानेच्या खळग्यात शिरतं. मावशीचा छोटा बुचडा होता. चित्रात तो दिसणारच नव्हता, तरी मी तो काढला, मग त्यावर रुमाल चढवला आणि शेवटी बुचडा पुसला. मागची बाह्यरेषा तेव्हा कुठे खरी वाटली. केसांचा आणखी एक उपयोग असतो. तेल लावलेल्या केसांवरून कापड मागे सरकतं आणि भांगाजवळच्या चारदोन बटा बाहेर येतात. त्या तशाच ठेवाव्यात. केस आत दाबून रुमाल कपाळाला घट्ट लावला की चित्र दवाखान्यातलं होतं.

आता कान. कान झाकलेला असतो म्हणून तो विसरला जातो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. समोरून पाहिलं आणि मान सरळ असेल तर कानाचा वरचा टोक साधारण भुवईच्या ओळीत आणि पाळी नाकाच्या बुडाच्या ओळीत येते. एवढ्या उंचीत रुमालाच्या बाजूला एक उंचवटा असलाच पाहिजे. कापड कानशिलावरून येतं, कानाच्या वरच्या कडेवर चढतं आणि तिथून ताणून हनुवटीकडे जातं. कानाच्या पुढे, गालाच्या बाजूला, ते फार खाली बसत नाही कारण गाठ त्याला पुढे ओढत असते. कानाच्या मागे मात्र कुणी ओढत नाही, म्हणून तिथे ते खळग्यात पडतं. एका बाजूला ताण आणि दुसऱ्या बाजूला सैलपणा, मधे कानाची कड. इतकं दाखवलं तर कानाचा आकार काढावाच लागत नाही.

कानाखाली जबड्याचा कोपरा येतो. कान ते जबडा ही मोकळी जागा कापड पुलासारखी ओलांडतं, आत न शिरता. या पुलावर चुण्या जवळपास नसतात, सपाट ताण असतो. जबड्याचा कोपरा ओलांडला की कापड आत वळून गाठीकडे जातं आणि इथे चुण्या दाटतात. गाठीतून निघालेल्या चुण्या पंख्याच्या काड्यांसारख्या वर फुटतात. पुढच्या आखूड असतात, गालाच्या काठाला समांतर. मागच्या लांब असतात, कानामागून डोक्याच्या मागच्या फुगवट्याकडे जातात. सगळ्या चुण्या एका बिंदूतून निघतात, पण एकाच लांबीच्या किंवा एकाच जाडीच्या कधी नसतात. मी तीन मोठ्या चुण्या निवडते आणि बाकीच्या त्यांच्यात विलीन करते. डोळे बारीक करून पाहिलं की तीनच उरतात, बाकीच्या आपोआप गळतात.

गाठ हनुवटीखाली न बांधता मानेमागे बांधली तर हे सगळं बदलतं. शेतात काम करताना बायका बांधतात तसा तो रुमाल. ताण कपाळाच्या मध्यापासून कानशिलावरून मानेकडे आडवा जातो. कान बहुधा बाहेर राहतो, आणि त्याचा वरचा भाग कापडाखाली दाबून थोडा पुढे झुकतो. चुण्या कानाच्या वर गोळा होतात आणि मागे खाली उतरतात. पुण्यात स्कूटरवरच्या मुली स्कार्फ बांधतात त्याची गोष्ट तिसरी. तिथे कापड नाकावरूनही फिरतं आणि चेहऱ्याचा आडवा ताण मुख्य होतो. प्रत्येकात प्रश्न तोच, धरलंय कुणी.

या विषयात दोन जुनी चित्रं मला वारंवार बघावीशी वाटतात. पहिलं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रॉबर्ट काम्पँ या फ्लेमिश चित्रकाराने 1435च्या सुमारास केलेलं एका स्त्रीचं व्यक्तिचित्र, ओकच्या फळीवर, जेमतेम 40 सेंटिमीटर उंच. तिच्या डोक्यावर पांढऱ्या तागाचे अनेक पदर आहेत, टाचण्यांनी बसवलेले. इथे कापड ताणाने थांबलेलं नाही, टाचणीने थांबलंय, म्हणून चुण्या वेगळ्या आहेत. कडक, कोनदार, कागदाची घडी मोडावी तशा. चित्रकाराने प्रत्येक थराची कड वेगळी मोजून दाखवलीय. दुसरं हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयातलं, योहानस फेर्मेरचं मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीचं, साधारण 1665 सालचं. तिच्या डोक्याचं निळं कापड लापिस लाझुली दगडापासून केलेल्या महागड्या निळीने रंगवलंय. त्यात चुण्या मोजायला जाल तर हाती फार काही लागणार नाही. उजेडाचा एक पट्टा, अंधाराचा एक पट्टा, मधे थोडे ठिपके, आणि मागे सरळ खाली पडलेलं पिवळं कापड. काम्पँने सगळं सांगितलं, फेर्मेरने अगदी थोडं, आणि दोन्हीकडे कापड डोक्याला धरून बसलंय. माझा कल कुणाकडे विचाराल तर फेर्मेरकडे. पण काम्पँसारखं बघायला शिकल्याशिवाय फेर्मेरसारखं गाळता येत नाही, हे मी माझ्या कित्येक फसलेल्या कागदांवरून सांगते.

पुन्हा मावशीकडे येते. दुसऱ्या वेळी मी तयारी करून गेले. आधी रुमाल बदलला. तिने मुद्दाम नवा, खळ केलेला, इस्त्रीचा रुमाल काढून ठेवला होता. चित्रासाठी नीट दिसावं म्हणून. खळीमुळे कापड डोक्यावरून न उतरता कडक कोन करून उभं राहतं, आणि इस्त्रीची घडी टाळूवरून रेल्वेच्या रुळासारखी जाते. ती चुणी नव्हे, पण चित्रात चुणीसारखी दिसते आणि नजर तिथे अडकते. मी तिचा रोजचा, पन्नासदा धुतलेला रुमाल मागितला. “तो? तो तर विटलाय,” ती म्हणाली. विटलेलाच हवा होता. रेशमी असता तर तोही नको म्हटलं असतं. रेशीम तेलकट केसांवर थांबत नाही, दर दहा मिनिटांनी मागे घसरतं.

रेघांचा रुमाल असणं मात्र फायद्याचं ठरलं. रेघ कापडाबरोबर वाकते. चुणीवर चढताना ती वळते, चुणीच्या पोटात गायब होते आणि पलीकडे थोडी सरकून पुन्हा निघते. त्यामुळे कापड किती आत गेलंय ते रेघच सांगते. सरळ रेघा काढून वर चुण्यांची छाया दिली तर छापील कागद चुरगळल्यासारखं दिसतं. ठिपक्यांच्या कापडातही तेच. चुणीच्या कडेवरचे ठिपके गोल राहत नाहीत, चपटे होतात, काही अर्धेच दिसतात.

उजेड मी बाजूने घेतला. पहिल्या दिवशी ती ओसरीच्या कडेला समोरून उन्हात बसली होती, आणि समोरच्या उजेडात चुण्यांना सावलीच पडत नाही. म्हणून मला त्या मनाने काढाव्या लागल्या होत्या. या वेळी तिला दाराच्या आडव्या उजेडात बसवलं. उजेडाकडच्या कानाचा उंचवटा फक्त फिकट पडला आणि पलीकडच्या कानामागे गडद खळगा तयार झाला. मोबाइलने फोटो काढणाऱ्यांनाही हेच सांगेन: फ्लॅश बंद करा, खिडकी बाजूला घ्या.

एक अडचण मात्र कायमची आहे. रुमाल सोडून पुन्हा बांधला की चुण्या त्याच राहत नाहीत. चेहरा दोन दिवस चालवता येतो, कापड येत नाही. तरुण लिओनार्दो दा व्हिंची मातीच्या पुतळ्यांवर ओल्या मातीत बुडवलेलं कापड पांघरून ठेवायचा आणि ते सुकल्यावर निवांत रेखाटायचा, असं चरित्रकार वासारीने लिहिलंय. मावशीला मातीत बुडवणं शक्य नव्हतं. म्हणून मी क्रम बदलला: आधी पाऊण तासात रुमाल पुरा, त्या वेळात बोलायचं नाही, कारण बोलताना जबडा हलतो आणि कानाखालचा पूल प्रत्येक शब्दाला ढिला-घट्ट होतो. चेहरा नंतर, तेव्हा हवं तेवढं बोलायचं. पाऊण तास गप्प राहणं हे तिला थंडीपेक्षा जड गेलं.

उजवी बाजू त्या दिवशी झाली. डावी बाजू, म्हणजे सावलीतली, दुसऱ्या दिवशी घ्यायची ठेवली, तिथे तपशील कमी म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने रुमाल बांधला, मी कालच्याशी जुळवून पाहिलं आणि काही केल्या दोन्ही बाजू एका डोक्याच्या वाटेनात. उजवीकडे कानाच्या वरच्या उंचवट्याखाली, पाळीच्या जागी, आणखी एक छोटा उंचवटा होता आणि त्याच्या टोकापासून एक बारीक चुणी गाठीकडे गेली होती. डावीकडे तसं काहीच नाही. कापड पाळीवरून गुळगुळीत उतरत होतं. मला वाटलं काल माझंच चुकलं. खोडरबर हातात घेऊन मी उजवीकडचा तो छोटा उंचवटा पुसायला निघाले, तेवढ्यात मावशी पाठीमागून डोकावली.

“पुसू नकोस,” ती म्हणाली. “काल मी कुड्या घातल्या होत्या. आज काढून ठेवल्यात. म्हटलं रुमालाखाली कुणाला दिसणारेत.”

ती आत जाऊन कुड्या घालून आली, पुन्हा रुमाल बांधला आणि बसली.